प्रार्थनेची सुरुवात: पाच आठवडे

‘मला प्रार्थना करता येत नाही, पाळकसाहेबांसारखे शब्द सुचत नाहीत,’ असं आपल्या मंडळीतले बरेच जण सांगतात. शब्दांची काळजी सोडा. आधी देवापुढे बसायला शिकू.

पहिले दोन आठवडे फक्त शांतता. रोज पाच मिनिटं, वेळ आणि जागा ठरलेली. राजारामपुरीत काय, शाहूपुरीत काय, रहदारी थांबणार नाही आणि घरात कुकरची शिट्टीही होणारच. नळाला पाणी यायच्या आधीची वेळ बहुतेकांना सोयीची पडते. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. पाठ ताठ, हात मांडीवर. मनात एवढंच म्हणा, ‘प्रभू, मी इथं आहे.’ मुलांची फी, गॅसचा नंबर, भावकीतला वाद, सगळं आठवेल. चिडू नका, तेच वाक्य पुन्हा म्हणा. पाच मिनिटांत वीसदा म्हणावं लागलं, तरी ती प्रार्थनाच झाली.

तिसऱ्या आठवड्यात उपकारस्तुती. रात्री झोपताना वहीत तीन गोष्टी लिहा, पण ‘सगळ्यासाठी आभार’ असं मोघम नको. आजारी सासूबाईंनी आज अर्धी भाकरी खाल्ली, शेजारच्या वहिनींनी न सांगता दळण आणून दिलं, असं लिहा. दिवस वाईट गेला असेल तर खोटे आभार मानू नका. ‘किती वेळ, परमेश्वरा?’ असा जाब १३ व्या स्तोत्रात आहेच. २०१९ च्या महापुरात ज्यांचं घर पाण्यात गेलं, त्यांना हे स्तोत्र समजावून सांगावं लागत नाही. रडणं आणि आभार एकाच प्रार्थनेत मावतात.

चौथा आठवडा ऐकण्याचा, आणि मला वाटतं हाच सगळ्यात अवघड. लूक १७ मधली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट सावकाश, मोठ्यानं, तीनदा वाचा. एखादा शब्द अडकेल; कुणाला ‘परत आला’, कुणाला ‘नऊ जण कुठे?’. त्यापाशी थांबा आणि विचारा, ‘प्रभू, यातून मला काय सांगतोस?’ मग गप्प बसा. काहीच ऐकू आलं नाही तरी उठताना अपराधी वाटून घेऊ नका.

मनात आलेला प्रत्येक विचार देवाचा नसतो. लहान शमुवेलसुद्धा हाक ऐकून तीनदा एलीकडेच धावला. हाक कुणाची, ते एलीला उमगलं. म्हणून काही मोठा निर्णय घ्यावासा वाटला, तर आधी मंडळीतल्या विश्वासाच्या वडीलधाऱ्यांशी बोला. औषध बंद कर, अमक्याशी बोलणं तोड, असं मनात आलं तर ते ख्रिस्ताच्या प्रीतीशी जुळतं का, ते बघा. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवा.

पाचव्या आठवड्यात तिन्ही एकत्र: पाच मिनिटं शांतता, मग आभार, मग वचन आणि ऐकणं. शेवटी प्रभूची प्रार्थना.

दर रविवारी उपासनेनंतर अर्धा तास बसू. वही आणा, वाचून दाखवायची सक्ती नाही. आठवडाभर जमलं नसेल, तरी या.