बी विंग ७०४ चं ताबापत्र, मराठीत

मामा, पत्राची चारही पानं दोनदा वाचून काढली. खाली सगळं मराठीत उतरवलंय, एकही ओळ गाळलेली नाही, फक्त त्यांची वाक्यं सात सात ओळींची होती ती तोडलीत. मधे जिथे 'मामा' म्हणून सुरुवात आहे तेवढं माझं, बाकी सगळं बिल्डरचं. मामीला पण वाचून दाखवा, पैशाचा भाग विशेष.

दिनांक १२ ऑगस्ट २०२५
विषय : बी विंग, सातवा मजला, फ्लॅट क्र. ७०४, कार्पेट एरिया ६१२ चौरस फूट, एक कव्हर्ड पार्किंग, याचा ताबा देण्याबाबत
संदर्भ : १४ ऑक्टोबर २०२२ रोजी रजिस्टर झालेला विक्री करारनामा

महोदय,
कळवायला आनंद होतो की तुम्ही घेतलेला फ्लॅट राहण्यासाठी तयार आहे. पिंपरी चिंचवड महानगरपालिकेने बी विंगसाठी भाग भोगवटा प्रमाणपत्र २८ जुलै २०२५ रोजी दिलं आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. या पत्राच्या तारखेपासून १५ दिवसांच्या आत, म्हणजे २७ ऑगस्ट २०२५ पर्यंत, खाली दिलेली रक्कम भरून आणि कागदपत्रं पूर्ण करून फ्लॅटचा ताबा घ्यावा.

मामा, भोगवटा म्हणजे ऑफिसात सगळे ज्याला ओसी म्हणतात तेच. 'भाग' लिहिलंय कारण ए विंग आणि क्लबहाऊस अजून व्हायचंय, आपल्या विंगचं झालंय, त्यामुळे ताबा घ्यायला हरकत नाही. पण २७ ला गणेश चतुर्थी आहे, बँक बंद, म्हणजे आपली खरी शेवटची तारीख २६ धरा.

ताब्याच्या वेळी भरायची रक्कम :

शेवटचा हप्ता, करारातल्या ५८,००,००० रुपयांच्या ५ टक्के, २,९०,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी १४,५०० रुपये.

आगाऊ मेंटेनन्स, कार्पेटवर दरमहा चौरस फुटाला ५ रुपये, म्हणजे महिना ३,०६० रुपये, एकूण २४ महिन्यांचे ७३,४४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १३,२१९ रुपये.

मेंटेनन्स डिपॉझिट म्हणजे कॉर्पस फंड, चौरस फुटाला १०० रुपयांप्रमाणे, ६१,२०० रुपये.

सोसायटीचे शेअर आणि प्रवेश फी ६०० रुपये. सोसायटी स्थापना आणि वकील खर्च १०,००० आणि जीएसटी १,८००. वीज मीटर, पाणी आणि गॅस कनेक्शन ३०,००० आणि जीएसटी ५,४००.

सगळं मिळून ५,००,१५९ रुपये. यातून शेवटच्या हप्त्यावरचा १ टक्का टीडीएस २,९०० रुपये वजा करून ४,९७,२५९ रुपये आम्हाला द्यावेत. टीडीएस तुम्ही स्वतः फॉर्म २६क्यूबी ने सरकारकडे भरून त्याचं प्रमाणपत्र आम्हाला द्यावं.

मामा इथे जरा थांबा, कारण तुम्ही फोनवर म्हणालात ना की "डिपॉझिट आहे, कधी ना कधी परत मिळेल", तिथेच गोम आहे. भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट जसं खोली सोडली की हातात पडतं तसं हे नाहीये. ६१,२०० चं डिपॉझिट सोसायटी झाली की बिल्डर सोसायटीच्या खात्यात टाकणार, म्हणजे पैसे बुडत नाहीत पण तुमच्या हातातही येत नाहीत, पुढे फ्लॅट विकला तर नवीन माणसाकडून तेवढे घेता येतात, ते पण तो देईल तर. आणि ७३,४४० ला तर त्यांनी मागच्या पानावर एका ठिकाणी डिपॉझिट आणि एका ठिकाणी चार्जेस म्हटलंय, मी मुद्दाम 'आगाऊ मेंटेनन्स' लिहिलं कारण ते खर्चायचेच आहेत, लिफ्ट, वॉचमन, जिन्यातला दिवा, पाण्याची मोटर. जीएसटी पण यालाच लावलाय, कॉर्पसला नाही, त्यावरूनही कळतं कोणता पैसा खर्चाचा आणि कोणता ठेवीचा. म्हणून दोन्हीचे चेक वेगळे द्या आणि पावत्या वेगळ्या मागा, असे पैसे बिल्डरने वेगळ्या खात्यात ठेवून हिशोब द्यायचा असतो, तसा मोफा कायदाच आहे १९६३ चा.

मामा, बँक फक्त २,८७,१०० सोडेल असं धरलं तर टीडीएस धरून तुमच्या खिशातून २,१३,०५९ जाणार. एफडी मोडायची तर आत्ताच सांगून ठेवा. आगाऊ मेंटेनन्सवर पण टीडीएस कापायचा का ते सीएला एकदा विचारा, पत्रात फक्त हप्त्यावरचाच धरलाय.

मेंटेनन्सबाबत : २८ ऑगस्ट २०२५ पासून फ्लॅटच्या वाट्याचा मेंटेनन्स तुमच्याकडे लागू होईल, तुम्ही राहायला आलात किंवा नाही आलात तरी. सोसायटी स्थापन होऊन कारभार हाती घेईपर्यंत देखभाल आम्ही नेमलेली एजन्सी करेल. प्रत्यक्ष खर्च जास्त आल्यास फरकाची रक्कम तुमच्याकडून घेतली जाईल. सोसायटीकडे कारभार सोपवताना खर्चाचा हिशोब आणि शिल्लक रक्कम सोसायटीला दिली जाईल.

वरील मुदतीत ताबा न घेतल्यास ताबा घेतला असं समजण्यात येईल, आणि दरमहा चौरस फुटाला ५ रुपये होल्डिंग चार्जेस लागतील. थकीत रकमेवर करारानुसार व्याज लागेल.

मामा, 'ताबा घेतला असं समजण्यात येईल' हे घाबरवायचं वाक्य आहे. रेरा कायद्यात ओसी मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घ्या असं आहे, कलम १९ मधे, म्हणजे आपल्याला २८ सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. होल्डिंग चार्जेस हा शब्द मी तुमच्या करारात शोधला, सगळी पानं पालथी घातली, कुठेच नाही. तरी पैसे मात्र वेळेत भरू कारण व्याज खरंच लागतं, स्टेट बँकेच्या सगळ्यात वरच्या एमसीएलआर दरावर २ टक्के, आणि तेच व्याज उशीर केला तर बिल्डरलाही लागतं, ते पुढे येतंच.

राहिलेली कागदपत्रं : आमच्या रेकॉर्डनुसार तुमच्या फाईलमधे पुढील कागद नाहीत. दोन्ही खरेदीदारांच्या पॅन आणि आधारच्या सही केलेल्या प्रती, इंडेक्स टू ची प्रत, आधीच्या तीन हप्त्यांच्या टीडीएसची प्रमाणपत्रं म्हणजे फॉर्म १६बी, बँकेचं शेवटचा हप्ता मंजूर केल्याचं पत्र, प्रत्येकी चार पासपोर्ट फोटो, सोसायटी सभासदत्वाचा अर्ज, आणि ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर सोबतच्या नमुन्याप्रमाणे हमीपत्र. कागद पूर्ण झाल्याशिवाय चावी दिली जाणार नाही.

मामा, इंडेक्स टू म्हणजे रजिस्ट्रेशन ऑफिसचा तो एक पानी उतारा, करारासोबत निळ्या फोल्डरमधे ठेवलाय मामीने. १६बी माझ्याकडे सोपवा, इन्कम टॅक्सच्या ट्रेसेस साइटवरून डाउनलोड होतं, मागच्या वेळी तुमच्या पॅनवर लॉगिन मीच काढलेलं. दुसरा पॅन मामीचा, आणि त्यावर अजून लग्नाआधीचं नाव आहे पण आधारवर नवीन, ते काउंटरवर अडवतील, लग्नाचा दाखला सोबत ठेवा.

आमच्याकडून पुढे द्यायचे कागद : संपूर्ण प्रकल्पाचं अंतिम भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटी नोंदणी आणि जमीन-इमारतीचं कन्व्हेयन्स हे ए विंग पूर्ण झाल्यावर कायद्यानुसार केलं जाईल. वीज मीटर तुमच्या नावावर करण्याचा अर्ज ताब्यानंतर केला जाईल.

मामा, कन्व्हेयन्स म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं. 'कायद्यानुसार' म्हटलं आणि तारीख टाकली नाही. सोसायटीचा अर्ज खरं तर ५१ टक्के फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत करायचा असतो, ए विंगची वाट बघायची गरजच नाही. हे एकट्याने भांडायचं काम नाही, विंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी टाकतो.

तपासणी : ताब्याआधी साइट इंजिनिअरसोबत फ्लॅट बघून घ्यावा. दिसलेले दोष सोबतच्या फॉर्मवर लिहावेत, ३० दिवसांत दुरुस्त केले जातील. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष आढळल्यास कायद्यानुसार दुरुस्ती केली जाईल. खरेदीदाराने भिंत पाडणे, टॉयलेटची जागा बदलणे किंवा वॉटरप्रूफिंग फोडणे असं काही केल्यास ही हमी लागू राहणार नाही.

हमीपत्राचा नमुना : मी फ्लॅट पूर्ण पाहिला असून त्याचा दर्जा, क्षेत्रफळ आणि सोयीसुविधा याबद्दल माझं समाधान झालं आहे. ताब्याला झालेल्या उशिराबद्दल किंवा इतर कोणत्याही कारणाने बिल्डरविरुद्ध माझा कोणताही दावा नाही आणि पुढेही राहणार नाही.

आपला विश्वासू,
अधिकृत सहीकर्ता, कस्टमर रिलेशन विभाग

मामा, सगळं पत्र एकीकडे आणि हमीपत्राचं हे दुसरं वाक्य एकीकडे. करारात ताब्याची तारीख ३१ मार्च २०२५ आहे, पत्र आलं १२ ऑगस्टला, साडेचार महिने उशीर. रेराच्या कलम १८ प्रमाणे उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागता येतं, ते मागायचं की नाही हे नंतर ठरवू, तुमचा स्वभाव मला माहितीये, "जाऊ दे, घर मिळालं ना" म्हणाल. पण आत्ताच सही करून हक्क का सोडायचा? त्या वाक्यावर काट मारून सही करू, आणि त्यांनी नाही ऐकलं तर ताबा पावतीवर 'उशिराबाबतचे हक्क राखून ताबा घेतला' असं हाताने लिहून फोटो काढून ठेवू. काउंटरवरची मुलगी म्हणेल सगळे असंच करतात सर, तेव्हा तुम्ही बोलू नका, मला पुढे करा.

आणि समाधान झालं आहे हे पहिलं वाक्य तरी आपण बघितल्याशिवाय कसं लिहायचं? मागच्या महिन्यात गेलो तेव्हा बाल्कनीतलं पाणी हॉलकडे वळत होतं, आठवतंय ना, मामीने बाटलीतलं पाणी ओतून बघितलं होतं आणि ते सरळ स्लायडिंगच्या पट्टीखाली गेलं. ते फॉर्मवर पहिलं लिहायचं.

२१ तारखेला गुरुवार आहे, तुमची कंपनीची सुट्टी, मी सकाळी ११ ची वेळ घेतलीये इंजिनिअरची. मोबाईलचा चार्जर घेऊन या सगळे प्लग पॉइंट तपासायला, एक बादली, आणि टाइल वाजवून बघायला एक रुपयाचं नाणं. स्टॅम्प पेपर मी आणतो, तुम्ही विकत घेऊ नका.