विषय: पगाराच्या फाईलची रक्कम खात्यातून दोनदा वजा – ६१,३८,४५० रुपये तातडीने परत जमा करण्याबाबत (तक्रार क्र. ४८२१७)

प्रति,
शाखा व्यवस्थापक

महोदय,

आमच्या चालू खात्यातून (शेवटचे चार अंक ७७०४) काल, ३० जून रोजी, जून महिन्याच्या पगाराची एकच फाईल दोनदा वजा झाली आहे. पहिली नोंद सकाळी ११.४२ ची आणि दुसरी ११.५७ ची. दोन्हींची रक्कम ६१,३८,४५० रुपये, फाईलचे नाव `SAL_JUN_01.csv` आणि बॅच क्रमांकही एकच. यातली ११.५७ ची नोंद रद्द करून तेवढी रक्कम आमच्या खात्यात ३० जूनच्याच व्हॅल्यू डेटने जमा करावी, अशी विनंती आहे.

आमच्याकडून फाईल दोनदा गेली नाही. माझ्या सहकाऱ्याने ती ११.३१ ला अपलोड केली आणि मी ११.४० ला मंजूर केली. त्यानंतर स्क्रीनवर बराच वेळ ‘प्रलंबित’ असेच दिसत होते. अशा वेळी पुन्हा पाठवण्याचा मोह होतो, पण मी सर्वांना हात लावू नका असे सांगितले होते. पोर्टलच्या ऑडिट लॉगमध्ये एकच अपलोड आणि एकच मंजुरी आहे. त्याची प्रत जोडली आहे, आपल्या सर्व्हरवरची नोंदही आपण पडताळून पाहावी.

काल दुपारी हेल्पलाइनवर सांगण्यात आले की, कर्मचाऱ्यांना पगार दोनदा मिळाला असेल, तो तुम्हीच त्यांच्याकडून वसूल करा. हे मला मान्य नाही, कारण वस्तुस्थिती तशी दिसत नाही. पोर्टलवरून उतरवलेल्या रिस्पॉन्स फाईलमध्ये १४३ कर्मचाऱ्यांसाठी १४३ च यूटीआर आहेत आणि ते सगळे पहिल्या नोंदीखालचे आहेत. दुसऱ्या नोंदीला एकही यूटीआर नाही. शिवाय काल संध्याकाळपर्यंत मी स्वतः ३१ जणांना त्यांचे खाते तपासायला सांगितले. १२ जणांची खाती आपल्याच बँकेत आहेत, १९ जणांची इतर बँकांत. प्रत्येकाकडे पगार एकदाच जमा आहे. म्हणजे दुसऱ्यांदा वजा झालेले पैसे कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचलेले नाहीत. ते बँकेच्याच एखाद्या मधल्या खात्यात अडकले असावेत असे दिसते. ते खाते आधी तपासावे.

म्हणूनच एक कळकळीची विनंती. कोणत्याही परिस्थितीत कर्मचाऱ्यांच्या खात्यांवर होल्ड लावू नये किंवा तिथून परस्पर रक्कम काढू नये. महिन्याच्या पहिल्या तारखांना कुणाचे घरभाडे जाते, कुणाचा कर्जाचा हप्ता. खरा पगारच उचलला गेला तर एकेकाचा हप्ता परत जाईल आणि ज्यांचा यात काही संबंध नाही त्यांना दंड बसेल. दुसरी बॅच अजून प्रक्रियेत असेल, तर ती पुढे जाण्याआधी थांबवावी. आणि तपासात एखाद्याला खरोखर दोनदा रक्कम गेल्याचे आढळलेच, तर त्याचे नाव व यूटीआर मला कळवा. त्या व्यक्तीशी मी बोलेन, तिच्या संमतीने पुढचे ठरवू.

या नोंदीमुळे झालेले नुकसानही भरून द्यावे लागेल. काल सकाळी खात्यात ९८,२०,००० रुपये होते. पगार गेल्यावर ३६,८१,५५० उरायला हवे होते. त्याऐवजी खाते २४,५६,९०० रुपयांनी ओव्हरड्राफ्टमध्ये गेले. आमची मर्यादा ४० लाखांची असल्याने एका पुरवठादाराचा १७,८०,००० रुपयांचा चेक अपुऱ्या शिलकीमुळे परत गेला. या पुरवठादाराचे पैसे आम्ही कधी थकवलेले नाहीत. आज सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मला फार ओशाळल्यासारखे झाले. चेक परतीचे शुल्क आणि ओव्हरड्राफ्टचे व्याज आम्हाला लावू नये. चेक तांत्रिक चुकीमुळे परत गेला, असे पत्र बँकेच्या लेटरहेडवर द्यावे, म्हणजे ते मला त्यांना दाखवता येईल.

आज दुपारी ३ वाजेपर्यंत रक्कम जमा करावी. तेवढ्या वेळात तपास पूर्ण होणार नसेल, तर निदान तात्पुरती जमा द्यावी आणि हे प्रकरण कोण पाहत आहे त्यांचे नाव व थेट फोन क्रमांक कळवावा. ‘विनंती पुढे पाठवली आहे’ एवढ्या उत्तरावर मला थांबता येणार नाही, कारण उद्या आणखी दोन देणी याच खात्यातून जायची आहेत.

सोबत खातेउतारा, ऑडिट लॉग, रिस्पॉन्स फाईल आणि चेक परतीचा मेमो जोडला आहे. मूळ पगार फाईलमध्ये कर्मचाऱ्यांचे खाते क्रमांक असल्याने ती ईमेलने पाठवलेली नाही. हवी असल्यास मी शाखेत येऊन दाखवते.

आपली विश्वासू,
सुजाता कुलकर्णी
मुख्य लेखापाल