विषय: नवी साठा प्रणाली – ९ जूनच्या बैठकीचा सारांश आणि ३ निर्णयांना मंजुरी (उत्तर शुक्रवार, १२ जून, दुपारी ४ पर्यंत हवे)

आदरणीय सर, आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

नवी साठा प्रणाली येत्या सोमवारी, १५ जूनला सुरू व्हायची होती. ती ६ जुलैला सुरू करावी, असे कालच्या बैठकीत बहुमताने ठरले. एकमत झाले नाही. त्याबद्दल खाली लिहिले आहे. ही तारीख आणि आणखी दोन गोष्टी आमच्या अधिकारात बसत नाहीत, म्हणून तुमची मंजुरी हवी आहे. बैठकीला गोदाम, लेखा, विक्री, खरेदी आणि आयटी या पाचही विभागांचे प्रमुख हजर होते.

तारीख हलवण्याचे कारण आधी सांगते. मागच्या आठवड्यात आम्ही ६२० वस्तू हाताने मोजल्या आणि नव्या प्रणालीतल्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. ४१ वस्तूंचा मेळ बसला नाही. त्यांपैकी २९ ठिकाणी घोळ एककाचा आहे. बिजागऱ्यांच्या रॅकपाशी मी स्वतः उभी होते. फळीवर एकच बंद खोका, त्यावर '२४ नग' असे छापलेले; स्क्रीनवर मात्र २४ खोके. जुन्या प्रणालीत ही वस्तू नगांत होती. डेटा नव्या प्रणालीत नेताना एकक बदलले, आकडा तसाच राहिला. विक्रीने स्क्रीन पाहून ऑर्डर घेतली असती, तर हातात २४ बिजागऱ्या असताना ५७६ कबूल करून बसलो असतो. उरलेल्यांपैकी ८ वस्तू ग्राहकांकडून परत आलेल्या, पण नोंद न झालेल्या निघाल्या. ४ ठिकाणी आमचीच मोजणी चुकली होती.

आता मंजुरीचे मुद्दे.

निर्णय १: प्रणाली १५ जूनऐवजी ६ जुलैला सुरू करणे. ३० जूनला तिमाही संपते. त्या दिवसाचा साठा जुन्या प्रणालीतच बंद करायचा, डेटा हलवेपर्यंत दोन्ही प्रणाली समांतर चालवायच्या आणि शनिवारी, ४ जुलैला कामकाज संपल्यावर तो हलवायचा. रविवारी सकाळी पुन्हा नमुना मोजणी होईल. मेळ बसला नाही, तर सोमवारी जुनीच प्रणाली चालू राहील.
विक्रीप्रमुखांचा याला विरोध आहे. त्यांच्या माणसांचे प्रशिक्षण झाले आहे आणि तीन आठवडे गेले की निम्मे विसरले जाते, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. म्हणून २ आणि ३ जुलैला एकेका तासाची उजळणी ठेवली आहे. तरीही त्यांचा विरोध नोंदवून घ्यावा, असे त्यांनी सांगितले आहे.

निर्णय २: साठा यापुढे सगळीकडे नगांतच मोजला जाईल, खोका फक्त खरेदी ऑर्डरवर राहील. वस्तूचे एकक बदलायचे असेल, तर गोदाम विभाग विनंती करेल आणि लेखा विभागाच्या सहीनंतरच बदल होईल. आज पाच विभागांतले कोणीही एकक बदलू शकतो, आणि माझ्या मते खरे दुखणे तिथेच आहे. तारीख कितीही पुढे नेली आणि हे तसेच ठेवले, तर सहा महिन्यांनी हाच घोळ पुन्हा निस्तरावा लागेल. किंमतयाद्या दुरुस्त कराव्या लागतील. ते काम खरेदी विभागाने अंगावर घेतले आहे.

निर्णय ३: जुन्या प्रणालीचा परवाना ३० जूनला संपतो. त्याला ३ महिन्यांची मुदतवाढ हवी. समांतर चालवण्यापुरती ती जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लागेल, नंतर फक्त जुन्या नोंदी पाहण्यासाठी. खर्च प्रकल्पाच्या राखीव रकमेतून भागतो, जादा निधी मागत नाही; मात्र त्या रकमेचा साधारण एक तृतीयांश भाग यात जाईल.

बारकोड छपाई आणि हँडहेल्ड यंत्रांची कामे वेळेवर चालू आहेत. त्यांत तुमच्याकडून काही नको.

उत्तरात '१ हो, २ हो, ३ हो' इतके लिहिलेत तरी पुरे. एखाद्याला नकार असेल, तर एका ओळीत कारण कळवावे. शुक्रवारी दुपारी ४ पर्यंत निर्णय १ वर उत्तर आले नाही, तर आम्ही १५ जूनला प्रणाली सुरू करणार नाही. डेटा आहे तसा जाऊ देणे मला परवडणारे वाटत नाही. पण मौनाला मंजुरी समजून ६ जुलैची तारीखही जाहीर करणार नाही. निर्णय ३ ला तेवढी घाई नाही, पण परवान्याची विनंती २२ जूनपर्यंत गेली पाहिजे.

बैठकीचे पूर्ण इतिवृत्त आणि ४१ वस्तूंची यादी सोबत जोडली आहे. यादीत बिजागऱ्या १७ व्या ओळीवर आहेत. प्रत्यक्ष बोलायचे असल्यास उद्या दुपारी ३ नंतर मी मोकळी आहे.

आपली,
अनघा
प्रकल्प समन्वयक, साठा प्रणाली