बारा इंच

आमच्या मम्मीला गाडी चालवता येते, फक्त मागं घेता येत नाही. म्हणजे येते पण घेत नाही. सोलापुरात कुठंही जायचं म्हणलं की ती आधी अशी जागा शोधते जिथून पुढच्या पुढं निघता येईल, मग ती जागा दुकानापासून अर्धा किलोमीटर लांब असली तरी चालतंय. मागच्या महिन्यात सात रस्त्याला काम होतं आणि गाडी लावली पार रंगभवनपाशी, दुपारी एक वाजता, बाहेर ४२ डिग्री. मी दहावीची परीक्षा देऊन नुकतीच सुटलेली आणि हातात युनिफॉर्मच्या कापडाचे दोन गठ्ठे. तेव्हाच ठरवलं की आता बास.

मम्मी असं का करते तेपण सांगते. दोन वर्षांमागं होटगी रोडला एका लग्नाला गेलो होतो, तिथं एक काका गाडीमागं उभे राहून हात हलवत "येऊ द्या येऊ द्या, लई जागा हाय" म्हणत होते आणि मम्मी घेत गेली, सेन्सर किंचाळत होता तरी घेत गेली, आणि धाडकन मंडपाचा खांब. अर्धा मंडप बाहेर आला बघायला. काका म्हणले "मी थांबा म्हणलो की." अजिबात म्हणले नव्हते, मी मागच्या सीटवर होते ना. पण मम्मीनं त्यातून काय घेतलं तर सेन्सर बेकार. आता सांगा, तो बिचारा ओरडत होता ते कुणी ऐकलं नाही आणि दोष त्यालाच.

पप्पा पुण्यात असतात, शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येतात, ते शिकवायला बसले की दोन मिनिटांत आवाज चढतो. म्हणून मीच. मला लायसन नाही, सोळाच वर्षांची आहे, पण स्टिअरिंगला हात न लावता शिकवता येतंय की.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. रिव्हर्स टाकला, स्क्रीनवर मागची भिंत आली, हिरव्या पिवळ्या लाल रेघा आल्या, आणि मम्मीनं मान मागं वळवून डोळे बारीक केले.

"अगं स्क्रीनकडं बघ की."

"टीव्ही बघत गाडी चालवू का मी?"

मी म्हणलं, मम्मी १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सरकारनं सक्तीचे केलेत, उगंच केले असतील का. तर म्हणते "हेल्मेट पण सक्तीचंच हाय, घालतंय का कोण?" यावर काय बोलणार.

मग वटवाघळाची गोष्ट सांगितली. बंपरमध्ये ती चार गोल बटणं दिसतात ना, त्यातनं आपल्याला ऐकू न येणारा आवाज निघतो, कशाला तरी आपटून परत येतो, यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. मम्मीनं सगळं नीट ऐकून घेतलं. "बरं. पण ते टीं टीं म्हणजे किती?"

"जवळ आलं की फास्ट वाजतंय."

"जवळ म्हणजे किती गं? इंचात सांग."

मला सांगता येईना. आणि मम्मी टेलर आहे, शाळेचे युनिफॉर्म शिवते, तिच्यासमोर "जवळ" हे काय माप झालं का. ती वर गेली आणि गळ्यात टेप घालून, हातात मार्किंगचा खडू घेऊन खाली आली. मला वाटलं वैतागली. पण नाही, तिनं भिंतीपासून फरशीवर रेघा मारायला सुरुवात केली, एक फूट, दोन फूट, तीन, चार. एकदम सरळ, जशा कापडावर मारते तशा. वॉचमनमामा बघायलेत, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बाल्कनीतनं विचारायल्यात रांगोळी का काय ते.

मग गाडी मुंगीच्या स्पीडनं मागं. मी खाली वाकून बंपर कुठल्या रेघेवर आला ते ओरडून सांगायची, आणि उभी राहायची बाजूला, गाडीच्या मागं अजिबात नाही, हे मम्मीनंच बजावलं होतं. आमच्या गाडीत पहिलं टीं साडेतीन फुटाला येतंय. दोन फुटाला घाईघाईत. आणि सलग टींऽऽऽ सुरू झालं तेव्हा मम्मी उतरली, टेप लावली. बारा इंच. परत पुढं घेतली, परत मागं. बारा. तिसऱ्यांदा साडेबारा.

"अगं हे बरोबर सांगतंय की!" मम्मी असं बोलली जणू मी आठवडाभर खोटं बोलत होते.

कॅमेऱ्याची लाल रेघपण खडूच्या रेघांवर तपासली, ती फुटाच्या थोडी पुढं पडत होती. स्क्रीनवर मात्र भिंत लांब वाटत होती, कॅमेरा वाइड असतो म्हणून. मम्मी म्हणली म्हणजे चित्रावर जायचं नाही, रेघेवर जायचं. ते मीपण सांगायला विसरले होते. पिवळ्या रेघा स्टिअरिंगबरोबर वळतात हे बघून तर ती पाच मिनिटं नुसतंच स्टिअरिंग डावीउजवीकडं करत बसली. (सगळ्या गाड्यांत वळत नाहीत बरं का.)

दुसऱ्या दिवशी घोळ. गाडी मागं जायलीये, सेन्सर गप्प, मम्मी आता एकदम निवांत, आणि मला दिसला वॉचमनमामांनी टाकलेला दगडाचा तुकडा, वीतभर उंचीचा. "थांब!" ओरडले. मम्मीनं ब्रेक मारला आणि काच खाली करून माझ्याकडं असं बघितलं.

"वाजला नाही."

"हो पण..."

"काल वाजत होता, आज वाजला नाही. मग कसा ठेवायचा भरवसा?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग आम्ही दोघींनी मिळून त्याची परीक्षाच घेतली. बादली, झाडू, कपडे वाळत घालायची काठी, एक एक करून ठेवलं. बादलीला वाजला. काठी उभी केली तर कधी वाजतोय कधी नाही. दगड एवढा खाली की त्याच्या वरनंच आवाज जायचा. पण स्क्रीनवर दगड दिसत होता, अगदी ठळक, फक्त आमच्या दोघींचं लक्ष कानाकडं होतं. मम्मीनं कॅमेऱ्याची काच पदरानं पुसली, सोलापूरची धूळ काय सांगायची, आणि म्हणली, "कानानं अंतर, डोळ्यानं खालचं. आणि बसायच्या आधी मागं एक चक्कर." शिकवणारी मी होते ना?

शनिवारी नवी पेठेत युनिफॉर्मचा माल द्यायचा होता. मे महिन्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते, दोन टेम्पोंच्या मधे एक फट होती आणि ती फक्त रिव्हर्सनं मिळणार होती. मम्मी म्हणली "पुढं बघू." मी काहीच बोलले नाही. ती दहा पावलं पुढं गेली, थांबली, रिव्हर्स टाकला.

लगेच एकजण आला कुठनं तरी. असतोच. "येऊ द्या ताई, येऊ द्या येऊ द्या."

टीं टीं. टींटींटीं. टींऽऽऽ. मम्मी थांबली.

"या की ओ, अजून दोन फूट हाय!"

मम्मीनं हँडब्रेक ओढला, उतरली, पर्समधनं टेप काढली आणि मागच्या टेम्पोपर्यंत माप घेतलं. मागं दोन रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, तिला काही पडलेली नव्हती.

"बारा इंच," ती त्या माणसाला म्हणली, आणि टेप गळ्यात टाकून मला म्हणली, "उतर, गठ्ठे काढ."