नकार लेखी घ्या, तारीख जपा

(कराड तालुक्यातील एका गावी राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरात, कायदेविषयक साक्षरता सत्रात एका वकिलांनी केलेलं भाषण)

प्राचार्य महोदय, कार्यक्रम अधिकारी, शिबिरातल्या मुला-मुलींनो आणि वेळ काढून आलेल्या गावकरी मंडळींनो, नमस्कार.

काल तुमच्याकडून चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवले होते. ते वाचले. दाखला, रेशनकार्ड, सातबारा, पेन्शन. विषय वेगवेगळे असले तरी बहुतेक चिठ्ठ्यांचा सूर एकच होता. "कचेरीत गेलो, साहेब म्हणाले होणार नाही, परत आलो."

तुम्ही परत आलात ना, तिथेच अडचण सुरू होते. तोंडी नकाराविरुद्ध अपील कसं करणार? कोण म्हणालं, कधी म्हणालं, कोणत्या नियमाखाली म्हणालं, यातलं काहीच तुमच्या हातात नसतं. म्हणून आज एवढी एक गोष्ट पक्की करू: अर्ज नेहमी लेखी द्यायचा, दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पोच द्यायला कोणी नकार दिलाच, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

अर्ज आत गेला की घड्याळ सुरू होतं. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमात ज्या सेवा अधिसूचित आहेत, त्या ठरलेल्या मुदतीत देणं पदनिर्देशित अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. द्यायची नसेल तर कारण लेखी कळवावं लागतं. सेवा नाकारली किंवा मुदत उलटून गेली, तर 30 दिवसांत पहिलं अपील. तिथेही न्याय मिळाला नाही तर दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. कसूर सिद्ध झाली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. अधिकारी कोण आणि मुदत किती, हे कार्यालयाच्या फलकावर लिहिलेलं असायला हवं. उद्या गावात सर्वेक्षणाला जाल तेव्हा ग्रामपंचायतीत तो फलक आहे का, हे जरूर बघा. याच्या जोडीला 2005 चा दप्तर दिरंगाईचा कायदाही आहे. त्यानुसार एका टेबलावर फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये.

फाइल कुठे अडली आहे ते कळत नसेल, तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये फी, 30 दिवसांत उत्तर. "माझं काम का झालं नाही?" असं विचारू नका, त्याला मोघम उत्तर येतं. "अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या तारखेला काय कार्यवाही केली, त्या टिपणीच्या प्रती द्या," असं मागा. पण हेही ध्यानात ठेवा की माहिती अधिकाराने कागद हाती येतो, चुकीचा आदेश रद्द होत नाही. तो रद्द करून घ्यायचा रस्ता वेगळा आहे.

एका विधवा बाईंचं प्रकरण सांगतो. संजय गांधी निराधार योजनेचं त्यांचं अनुदान अचानक बंद झालं. पासबुक घेऊन त्या बँकेत गेल्या, बँकेने कचेरीत पाठवलं, कचेरीत कोणीतरी सांगितलं, "वरून बंद झालंय." माझ्याकडे आल्या तेव्हा आम्ही आधी आदेशाची प्रत मागितली. आली ती अर्ध्या पानाची. वर जावक क्रमांक, खाली सही, आणि मध्ये एकच ओळ: "पात्र नसल्याने अनुदान बंद करण्यात येत आहे." पात्र का नाही? उत्पन्न वाढलं की मुलगा कमावता झाला? कशाचाच उल्लेख नव्हता. आधी नोटीस नव्हती, बाईंचं म्हणणंही कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

कायद्याच्या नजरेत या आदेशात दोन मोठी भोकं आहेत. कोणाचाही हक्क काढून घेण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. यालाच नैसर्गिक न्याय म्हणतात. मनेका गांधी यांचा पासपोर्ट सरकारने कारण न सांगता जमा करून घ्यायचा आदेश काढला, त्या खटल्यात 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व फार ठामपणे मांडलं. दुसरं भोक कारणांचं. त्याच वर्षाच्या आसपास मोहिंदरसिंग गिल खटल्यात न्यायालय म्हणालं की आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासली जाईल. नंतर शपथपत्रात नवी कारणं घुसडता येणार नाहीत. आम्ही हेच दोन मुद्दे लेखी मांडले. सुनावणी झाली, अनुदान सुरू झालं आणि थकबाकीही मिळाली. त्या बाई शाळेत गेलेल्या नाहीत, पण त्यांनी प्रत्येक कागद पिशवीत सांभाळून ठेवला होता, म्हणून हे जमलं.

आता शेतकरी मंडळींसाठी. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार चुकीचा प्रमाणित केला, तर जमीन महसूल संहितेखाली प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करता येतं. इथे लोक हमखास फसतात. लोकशाही दिनाला निवेदन देतात, आमदारांना भेटतात, उपोषणाचा इशारा देतात आणि तोवर 60 दिवस निघून जातात. निवेदन म्हणजे अपील नव्हे! निवेदन जरूर द्या, पण त्याने अपिलाची मुदत थांबत नाही. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडा आणि कारण खरं लिहा. आणखी एक: नुसतं अपील दाखल केल्याने आदेशाची अंमलबजावणी थांबत नाही. घर पाडायची नोटीस असेल, तर अपिलासोबत स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी हवा.

लोकायुक्तांबद्दल थोडक्यात. 1971 चा कायदा आहे. गैरकारभाराने अन्याय झाला असेल, तर कृती कळल्यापासून 12 महिन्यांत तक्रार करता येते. वकील लागत नाही. लोकायुक्त शिफारस करतात, आदेश रद्द करत नाहीत, पण त्यांच्याकडून विचारणा झाली की प्रशासनाला उत्तर द्यावं लागतं. लाच मागितली असेल तर मात्र यातलं काही करत बसू नका. थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, 1064.

या सगळ्यांच्या वर उच्च न्यायालय आहे. अनुच्छेद 226 खाली रिट याचिका करता येते. आदेश बेकायदा असेल तर न्यायालय तो रद्द करतं. अधिकारी कर्तव्यच करत नसेल तर ते करायला लावतं. साधारणपणे आधी अपिलाचा मार्ग वापरून या, असं न्यायालय सांगतं. पण नैसर्गिक न्याय डावलला असेल, अधिकाऱ्याला अधिकारच नसेल किंवा मूलभूत हक्काचा भंग झाला असेल, तर थेटही जाता येतं. जात पडताळणी समितीने दावा नाकारला तर त्यावर अपील नाहीच. रिट हाच उपाय. प्रवेशाच्या तोंडावर हे घडतं, म्हणून मुलांनी हे खास लक्षात ठेवावं. पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सातारा जिल्हा त्यात येतो. गरीब पक्षकारासाठी हा फरक फार मोठा आहे.

भरपाईचं काय, असं एका चिठ्ठीत विचारलंय. बिहारमधल्या रुदल शहा यांची निर्दोष सुटका झाल्यावरही त्यांना 14 वर्षं तुरुंगात डांबून ठेवलं होतं. 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने रिट याचिकेतच त्यांना भरपाई द्यायला लावली. रक्कम होती 35,000 रुपये. मला ती आजही अपुरी वाटते, पण रिटमध्ये भरपाईचं दार तिथून उघडलं. दिवाणी दावा लावून भरपाई मागायची असेल, तर सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी गप्प बसू नये. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या इमारतीतच असते. फोन करायचा तर 15100.

चहानंतर मी शाळेच्या व्हरांड्यात बसतो. ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनी ते घेऊन या. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी कोरा कागद आणा. शिबिरातली दोन-तीन मुलं मदतीला बसतील, अर्ज आजच लिहून काढू.