मिरग

हजेरीत "मिरग ज्ञानोबा" असं नाव आलं की मागच्या बाकावरून गण्याचा हमखास आवाज यायचा, "मिरगाचा किडा हजर!" सातवीचं वर्ष सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तो तडक सेलूजवळच्या शेतात आज्जाकडं गेला. "माझं नाव बदला," म्हणाला.

आज्जानं खुरपं काळ्या रानात घातलं. वितभर खोलवरची माती मुठीत दाबली. गोळा झाला, पण बोटानं टोकरताच भुगा पडला.

"वल वरवरच हाय. शेजाऱ्यानं पहिल्याच सरीवर सोयाबीन पेरलं. बी उगवलं अन् उन्हानं करपलं. आता दुबार पेरणी, बियाण्याचा दुप्पट खर्च. शंभर मिलिमीटर तरी पडू द्यावं, मग बी दोन बोटं खोल टाकावं. लई खोल गेलं तर कोंब वर येत न्हाई."

"माझ्या नावाचं काय?"

"जूनच्या सात-आठ तारखेला मिरग निघतो. तू जन्मला त्या साली तो कोरडाच चालला व्हता. तू आला त्या राती रानं भिजली. समद्या गावाच्या तिफणी निघाल्या. म्हून मीच ठिवलं हे नाव."

सोमवारी पुन्हा "किडा!" ऐकू आलं. मिरग वळून म्हणाला, "किडा दिसला म्हणून पेरायचं नसतं. तुमच्या रानात वल किती खोल गेलीय, बघितलंस का?"

गण्या गोंधळला. "कशी बघायची?"

"मधल्या सुट्टीत खुरपं घेऊन ये."