‘प्रभू’ हा शब्द कुठे मोजायचा? निवडणूक भाषणांतील धार्मिक आवाहनाच्या संकेतनाविषयी

भाषणांना विदा मानून धार्मिक आवाहन मोजण्याचा रूढ मार्ग सोपा आहे. धर्मवाचक शब्दांची सूची करायची, प्रत्येक भाषणात ते किती वेळा येतात हे मोजायचे आणि एकूण शब्दांशी गुणोत्तर काढायचे. मराठीत पहिली अडचण प्रत्ययांची. ‘धर्म’, ‘धर्माच्या’, ‘धर्मासाठी’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत हे यंत्राला शिकवावे लागते. ती सुटते. या निबंधाचा विषय त्यापुढची अडचण आहे: शब्द बरोबर मोजूनही आवाहन हातातून निसटते.

त्यासाठी मुंबईतील दोन प्रकरणे घेतली आहेत. दोन्हींचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1995 रोजी दिला. पहिले विलेपार्ले पोटनिवडणुकीचे. डिसेंबर 1987मध्ये डॉ. रमेश प्रभू निवडून आले. मतदानापूर्वी 29 नोव्हेंबर, 9 आणि 10 डिसेंबरला बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या भाषणांमुळे उच्च न्यायालयाने ती निवड 1989मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. दुसरे प्रकरण दादरचे. 24 फेब्रुवारी 1990 रोजी शिवाजी पार्कवरील सभेत महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल, असे मनोहर जोशी यांनी म्हटल्याचा आरोप होता. न्यायालयाने या विधानाविषयी नापसंती दाखवली, पण ते फार तर आशा व्यक्त करणे आहे, धर्माच्या आधारे मत मागणे नव्हे, असे ठरवले.

शब्दसूचीला दोन्हीकडे ‘हिंदू’ दिसतो. फरक क्रियापदात आणि मताच्या उल्लेखात आहे. पार्ल्याच्या भाषणांत निवडणूक हिंदू धर्माच्या रक्षणासाठी लढवत असल्याचे सांगून मुस्लिम मतांची पर्वा नाही असेही म्हटले होते. म्हणजे धर्म, मत आणि ‘आपण-ते’ ही विभागणी एका दमात आली. म्हणून आम्ही मोजणीचे एकक शब्दाऐवजी वाक्य किंवा सलग वाक्यगट धरले आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले. मत मागितले आहे का? कारण म्हणून धर्म पुढे केला आहे का? तो धर्म कोणाचा: उमेदवाराचा, प्रतिस्पर्ध्याचा की ऐकणाऱ्याचा?

संकेतन करताना, म्हणजे प्रत्येक वाक्य कोणत्या रकान्यात धरायचे हे ठरवताना, सर्वांत जास्त वेळ एका वाक्याने खाल्ला. प्रभू नावाच्या उमेदवाराला धर्माच्या नावाने विजयी करा, असा त्याचा आशय. वाक्य निकालपत्रात इंग्रजी भाषांतरात आहे. तिथे ‘प्रभू’ हे केवळ विशेषनाम उरते. खार दांड्याच्या शंकर मंदिराजवळ किंवा पार्ल्याच्या मैदानावर ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र आडनाव आणि देव दोन्ही एकदम पडत असणार. एका संकेतकाने नाव वगळले, दुसऱ्याने धर्मवाचक धरले. नाव वगळूनही वाक्य तिन्ही कसोट्यांवर आवाहनच ठरते, म्हणून निष्कर्ष बदलला नाही. पण वारंवारता बदलली. (उमेदवाराचे आडनाव पाटील असते, तर ही चर्चा झालीच नसती.)

पंजाबातही हा पेच आलेला आहे. कुलतार सिंग यांच्या प्रकरणात पोस्टरवरील ‘पंथ’ म्हणजे शीख धर्म की अकाली दल, हा वाद होता. संदर्भ पाहून न्यायालयाने तिथे पक्ष असा अर्थ घेतला.

मोजणीच्या दृष्टीने कायद्याचा इतिहासही बोलका आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात पूर्वी ‘पद्धतशीर’ आवाहन असा शब्द होता. तो असेपर्यंत वारंवारतेला काही कायदेशीर अर्थ होता. 1961च्या दुरुस्तीने तो गेला. आता एक वाक्यही पुरे. त्याच दुरुस्तीने धर्माच्या आधारे मत मागण्याला भ्रष्ट आचार ठरवणाऱ्या कलम 123(3)मध्ये धर्मापूर्वी ‘त्याच्या’ हे सर्वनाम घातले आणि आमचा तिसरा प्रश्न त्यातूनच निघाला. 2 जानेवारी 2017 रोजी अभिराम सिंग प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने 4 विरुद्ध 3 मतांनी ‘त्याच्या’मध्ये मतदाराचा धर्मही येतो असे ठरवले. त्यामुळे केवळ ऐकणाऱ्याच्या धर्माला हाक घालणारे वाक्य ‘धार्मिक आवाहन’ या रकान्यात धरायचे की नाही, हे संकेतकाने कोणत्या वर्षीचा कायदा पुढ्यात ठेवला आहे त्यावर अवलंबून राहते. अशी वाक्ये आम्ही स्वतंत्र संकेताने नोंदवली, दोन्ही वाचनांना जागा राहावी म्हणून.

विदेचा एक दोष दूर करता आला नाही. निकालपत्रांत पोहोचलेली भाषणे म्हणजे झालेली सगळी भाषणे नव्हेत. निवडणूक याचिका 45 दिवसांत दाखल व्हावी लागते आणि ती करणारा बहुधा हरलेला उमेदवार असतो. जो वक्ता धर्माच्या नावाने मते मागूनही हरला, त्याची निवड रद्द करून मागायला कोणी जात नाही. त्याचे भाषण आमच्या संचात नाही.